आकृतीवरून रेणूचा आकार आणि संकरण: आधी जोड्या मोजा, मग पर्याय बघा

कागदावर अधिकच्या चिन्हासारखी तीन चित्रं काढा. मधे एक अणू, वर-खाली-डावीकडे-उजवीकडे चार रेघा आणि रेघांच्या टोकांना चार अणू. पहिल्या चित्रात मधे C आणि टोकांना Cl, दुसऱ्यात मधे S आणि टोकांना F, तिसऱ्यात मधे Xe आणि टोकांना F. तिन्ही चित्रं हुबेहूब सारखी दिसतात. प्रत्यक्षात मात्र CCl₄ चतुष्फलकीय आहे, SF₄ सी-सॉच्या आकाराचा आहे आणि XeF₄ चौरस समतल. संकरणही तिघांचं वेगळं: sp³, sp³d आणि sp³d².

म्हणजे कागदावरची आकृती कोण कुणाला जोडलंय एवढंच सांगते. रेघांमधला कोन ही काढणाऱ्याची सोय असते. त्यातून मध्यवर्ती अणूवरच्या एकाकी जोड्या, म्हणजे लोन पेअर, बहुतेक आकृत्यांत काढलेल्याच नसतात, आणि आकार ठरतो नेमका त्यांच्यामुळे. म्हणून आकार आणि संकरण विचारणाऱ्या बहुपर्यायी प्रश्नांत चित्राकडे बघून पर्याय निवडला की चूक ठरलेली. आधी मोजणी करायची, तीही पर्याय झाकून.

हिशेब तीन आकड्यांचा

ज्या अणूबद्दल विचारलंय त्यावर बोट ठेवा आणि हे तीन आकडे लिहा.

१. त्या अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन. C चे 4, N आणि P चे 5, O आणि S चे 6, F, Cl, Br, I यांचे 7, Xe चे 8. B चे 3 आणि Be चे 2.

२. त्या अणूतून निघणाऱ्या रेघा. इथे दुहेरी बंध म्हणजे दोन रेघा, तिहेरी म्हणजे तीन.

३. त्या अणूवर लिहिलेला प्रभार, चिन्हासकट.

लोन पेअर = (संयुजा इलेक्ट्रॉन − रेघा − प्रभार) ÷ 2

यामागचं कारण साधं आहे. प्रत्येक रेघेत त्या अणूचा एक इलेक्ट्रॉन खर्च होतो. धन प्रभार असेल तर एक इलेक्ट्रॉन आधीच गेलेला असतो, ऋण असेल तर एक जास्तीचा आलेला असतो. जे उरतात ते जोडीजोडीने त्याच अणूवर बसतात.

लोन पेअर मिळाल्या की दुसरी मोजणी, आणि ही पहिल्यापेक्षा वेगळी आहे. आता रेघा मोजायच्या नाहीत, शेजारी मोजायचे. ज्या अणूशी थेट बंध आहे तो एक शेजारी; बंध एकेरी असो, दुहेरी असो की तिहेरी, शेजारी एकच. कारण दोन अणूंमध्ये सिग्मा बंध एकच असतो. वरचे पाय बंध संकरित कक्षक वापरत नाहीत, ते p कक्षकांच्या शेजारशेजारच्या मिळण्यातून होतात.

बेरीज = शेजारी + लोन पेअर

बेरीज 2 आली तर संकरण sp, 3 ला sp², 4 ला sp³, 5 ला sp³d, 6 ला sp³d².

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण पहिल्या मोजणीत रेघा लागतात आणि दुसऱ्या मोजणीत शेजारी. SO₂ ची आकृती घ्या, दोन दुहेरी बंधांची: O=S=O. गंधकाचे 6, रेघा 4, उरले 2, म्हणजे एक लोन पेअर. शेजारी 2. बेरीज 3, संकरण sp², आकार वाकलेला. आता शेजाऱ्यांच्या जागी चुकून रेघाच मिळवल्या तर 4 + 1 = 5 होतात आणि sp³d हा पर्याय समोर असतोच. उलट चूकही होते: पहिल्या मोजणीत रेघांऐवजी शेजारी वजा केले तर 6 − 2 = 4, म्हणजे दोन लोन पेअर, बेरीज 4 आणि उत्तर sp³. तोही पर्याय यादीत बहुधा असतो. चुकीचे पर्याय असे नेहमीच्या चुकांतूनच तयार केलेले असतात, त्यामुळे ‘माझं उत्तर पर्यायांत आहे’ हा बरोबर असल्याचा पुरावा मुळीच धरू नका.

तीन चित्रांकडे परत

CCl₄ मध्ये कार्बनचे 4, रेघा 4, उरलं शून्य. शेजारी 4, बेरीज 4. चार जोड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर जायचं म्हणतात आणि कागद सोडून अवकाशात पसरतात: कोन 109.5°. चित्रातला 90° हा नुसता भास.

XeF₄ मध्ये झेनॉनचे 8, रेघा 4, उरले 4, म्हणजे दोन लोन पेअर. बेरीज 6, मांडणी अष्टफलकीय. दोन लोन पेअर समोरासमोर, एक वर आणि एक खाली, जातात आणि चार फ्लोरिन मधल्या प्रतलात राहतात. चौरस समतल. इथे कागदावरचं चित्र खरं निघालं, पण तो निव्वळ योगायोग.

SF₄ वर जरा जास्त वेळ घालवायला हवा, कारण त्यात एक पायरी वाढते. गंधकाचे 6, रेघा 4, उरले 2: एक लोन पेअर. शेजारी 4, बेरीज 5. पाच जोड्यांची मांडणी त्रिकोणी द्विपिरॅमिडी असते आणि तिच्या पाच जागा सारख्या नसतात. तीन जागा मधल्या प्रतलात, एकमेकींपासून 120° वर. त्यांना विषुववृत्तीय म्हणतात. उरलेल्या दोन वर आणि खाली, अक्षावर. आता प्रश्न असा की लोन पेअर कुठे बसेल?

जवळचे शेजारी मोजून बघा. अक्षावरच्या जागेला 90° वर तीन शेजारी असतात, मधल्या प्रतलातले तिन्ही. विषुववृत्तीय जागेला 90° वर फक्त दोन, वरचा आणि खालचा. बाकीचे दोन 120° वर, म्हणजे चांगले लांब. लोन पेअर एकाच केंद्रकाच्या ताब्यात असल्यामुळे ती बंधाच्या जोडीपेक्षा जास्त पसरलेली असते आणि तिला मोकळी जागा लागते. म्हणून ती विषुववृत्तीय जागा घेते. मग चार फ्लोरिनपैकी दोन अक्षावर आणि दोन मधल्या प्रतलात राहतात. ही आकृती आडवी करून पाहिली की सी-सॉ दिसतो: अक्षावरचे दोन फ्लोरिन म्हणजे फळीची दोन टोकं, खालचे दोन म्हणजे पाय.

लोन पेअर सगळ्यांना आपल्यापासून दूर ढकलते, त्यामुळे कोनही सरळ राहत नाहीत. मधल्या प्रतलातले दोन फ्लोरिन 120° ऐवजी सुमारे 102° वर येतात आणि अक्षावरच्या दोघांमधला कोन 180° ऐवजी सुमारे 173° होतो. प्रश्नात ‘सर्व F–S–F कोन 90° किंवा 120° आहेत’ असं विधान दिलेलं असेल तर ते चूक.

हाच नियम पुढे वापरायचा. पाचच्या बेरजेत लोन पेअर आधी विषुववृत्तीय जागा भरतात. ClF₃ मध्ये क्लोरिनचे 7, रेघा 3, उरले 4, दोन लोन पेअर. दोन्ही मधल्या प्रतलात, म्हणून उरलेले तीन फ्लोरिन इंग्रजी T सारखे दिसतात आणि कोन 90° पेक्षा किंचित कमी, 87.5° भरतो. XeF₂ मध्ये 8 − 2 = 6, तीन लोन पेअर मधल्या तिन्ही जागा भरतात, दोन फ्लोरिन अक्षावर समोरासमोर: रेणू रेषीय. XeF₂ आणि CO₂ दोन्ही रेषीय आहेत, पण एकाचं संकरण sp³d आणि दुसऱ्याचं sp. आकारावरून संकरण उलटं ओळखायला जाऊ नका, हे या जोडीने एकदा लक्षात ठेवलं की पुरे.

सहाच्या बेरजेत सगळ्या जागा सारख्याच असतात, म्हणून पहिली लोन पेअर कुठेही बसली तरी आकार तोच: BrF₅ सारखा चौरस पिरॅमिडी. दुसरी आली की ती पहिलीच्या बरोबर समोर बसते, आणि XeF₄ होतो.

प्रभार नेमका कुठे आहे

हिशेबातला तिसरा आकडा सोपा वाटतो, पण कंसाबाहेर लिहिलेला प्रभार हा पूर्ण आयनाचा असतो, मधल्या अणूचा असेलच असं नाही. [ICl₄]⁻ मध्ये प्रत्येक क्लोरिनला एकच रेघ आहे आणि क्लोरिन एका रेघेत समाधानी असतो, त्याच्यावर प्रभार नाही. मग ऋण प्रभार उरतो आयोडीनवर: 7 − 4 − (−1) = 4, दोन लोन पेअर, बेरीज 6, चौरस समतल. वजाचं वजा म्हणजे अधिक, इथे घाईत 7 − 4 − 1 = 2 केलं की एकच लोन पेअर येते आणि सी-सॉ हे चुकीचं उत्तर मिळतं.

सल्फाइट SO₃²⁻ मध्ये उलटं आहे. आकृतीत एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि दोन एकेरी बंधाने जोडलेले असतात. एकेरी बंधाच्या प्रत्येक ऑक्सिजनवर एक ऋण प्रभार, दोघांचे मिळून दोन. गंधकावर काही नाही. 6 − 4 − 0 = 2, एक लोन पेअर, शेजारी 3, बेरीज 4: त्रिकोणी पिरॅमिडी. शेजारच्या कार्बोनेट CO₃²⁻ ची आकृती अगदी तशीच दिसते, पण कार्बनचे 4 − 4 = 0, बेरीज 3, त्रिकोणी समतल.

प्रभार कुठे ठेवायचा याबद्दल शंका असेल तर हिशेब दुसऱ्या बाजूने ताडून पाहता येतो, आणि त्याला आकृतीतल्या रेघा लागतच नाहीत. पूर्ण आयनाचे संयुजा इलेक्ट्रॉन मोजा. ऋण प्रभार असेल तर तेवढे मिळवा, धन असेल तर वजा करा. त्यातून बाहेरच्या प्रत्येक अणूचे 8 काढून टाका, बाहेर हायड्रोजन असेल तर त्याचे 2. जे उरेल त्याचं निम्मं म्हणजे मधल्या अणूवरच्या लोन पेअर. सल्फाइटसाठी: 6 + 18 + 2 = 26; वजा 24; उरले 2; एक लोन पेअर. जुळलं. ही पद्धत एक मध्यवर्ती अणू असलेल्या छोट्या रेणूंपुरती आणि आयनांपुरती उत्तम. बाहेरच्या अणूचं अष्टकच पूर्ण नसेल किंवा साखळी असेल तर ती लावू नका.

एका इलेक्ट्रॉनने किती फरक पडतो ते नायट्रोजनच्या तीन भावंडांत बघा. NO₂⁺ चे एकूण 16, वजा 16, उरलं शून्य: बेरीज 2, sp, कोन 180°. NO₂⁻ चे 18, वजा 16, उरले 2: एक लोन पेअर, बेरीज 3, sp², कोन सुमारे 115°. मधला NO₂ मात्र 17 इलेक्ट्रॉनचा, म्हणून उरतो 1 आणि भागाकार येतो अर्धा. अर्धी लोन पेअर आली की हिशेब चुकला असं समजून खाडाखोड करू नका. अणूवर एकटा इलेक्ट्रॉन आहे एवढाच त्याचा अर्थ. इथे त्याची एक जागा धरायची, संकरण sp². पण एकटा इलेक्ट्रॉन पूर्ण जोडीइतकं ढकलत नाही, म्हणून कोन 120° पेक्षा मोठा, सुमारे 134° राहतो.

काही आकृत्यांत दुहेरी बंधाऐवजी बाण काढलेला असतो. बाण ज्या अणूतून निघतो त्याने दोन्ही इलेक्ट्रॉन दिलेले असतात, म्हणून त्याच्या खात्यात बाण म्हणजे दोन रेघा. ज्याच्याकडे बाण जातो त्याच्या खात्यात शून्य. शेजारी मात्र दोघांनाही एकेक वाढतो. NH₃ कडून BF₃ कडे जाणारा बाण असेल तर नायट्रोजनचे 5 − 3 − 2 = 0, शेजारी 4; बोरॉनचे 3 − 3 − 0 = 0, शेजारी 4. दोघेही sp³. बाणाआधी बोरॉन sp² होता आणि सपाट होता. ‘या अभिक्रियेत कोणाचं संकरण बदलतं’ असा प्रश्न आला की उत्तर बोरॉन, कारण नायट्रोजन आधीही sp³ होता: तेव्हा चौथी जागा लोन पेअरची होती, आता त्याच जागी बंध आहे.

प्रश्नातला एक शब्द

मोजणी बरोबर करूनही गुण जातात ते प्रश्न नीट न वाचल्यामुळे. ‘इलेक्ट्रॉन जोड्यांची मांडणी’ विचारली असेल तर लोन पेअर धरून उत्तर द्यायचं: SF₄ साठी त्रिकोणी द्विपिरॅमिडी. ‘रेणूचा आकार’ विचारला असेल तर लोन पेअरची जागा घेऊन झाली की ती डोळ्यांआड करायची आणि फक्त अणू बघायचे: सी-सॉ. दोन्ही उत्तरं एकाच प्रश्नाच्या पर्यायांत शेजारी शेजारी ठेवलेली आढळतात.

तसंच ‘मध्यवर्ती अणूवरच्या लोन पेअर’ आणि ‘रेणूतल्या एकूण लोन पेअर’. XeF₄ मध्ये झेनॉनवर 2. पण प्रत्येक फ्लोरिनवर 3, चारांवर 12, एकूण 14. आकार ठरवताना त्या बाराचा काही संबंध नाही, एकूण विचारल्या तर मात्र त्या सोडायच्या नाहीत.

कोनाच्या प्रश्नात आणखी एक मर्यादा आहे. बेरीज 4 म्हणून कोन 109.5° असं सरसकट नसतं. NH₃ मध्ये एक लोन पेअर, कोन सुमारे 107°; H₂O मध्ये दोन, 104.5°. इथवर जोड्यांच्या ढकलाढकलीने समजतं. पण H₂S चा कोन सुमारे 92° आणि PH₃ चा सुमारे 93.5° आहे, इतकी घट केवळ ढकलाढकलीने पटत नाही. या दोन्हींत बंध जवळजवळ शुद्ध p कक्षकांनी होतात आणि लोन पेअर मुख्यतः s मध्ये राहते, असं मानलं जातं. प्रश्न कोनाचा असेल तर 90° च्या जवळचा आकडा निवडा. आणि sp³d बद्दलही एक गोष्ट सांगून ठेवायला हवी: पुढच्या गणितांतून SF₄ सारख्या रेणूंत d कक्षकांचा वाटा फारच थोडा असल्याचं दिसलं आहे. तरी प्रश्नांत 5 च्या बेरजेचं नाव म्हणून sp³d चालतं, आणि आकाराचं उत्तर त्यावर अवलंबून नाही.

संक्रमण धातूंच्या आयनांना हा हिशेब लावू नका. [NiCl₄]²⁻ चतुष्फलकीय आहे आणि [Ni(CN)₄]²⁻ चौरस समतल, दोन्हींत शेजारी चारच. तिथे d इलेक्ट्रॉन आणि लिगंड ठरवतात, इथल्या लोन पेअर नाहीत.

नागमोडी रेघांच्या आकृत्या

सेंद्रिय रेणूंच्या आकृत्यांत लोन पेअरबरोबर हायड्रोजनही लपलेले असतात. रेघेचं टोक किंवा कोपरा, जिथे काही अक्षर लिहिलेलं नाही, तिथे कार्बन. त्याच्या रेघा मोजायच्या आणि 4 पूर्ण व्हायला जेवढ्या कमी पडतात तेवढे हायड्रोजन. कार्बनवर + किंवा − लिहिलेलं असेल तर 4 ऐवजी 3 पूर्ण करायच्या. मग धन कार्बनवर लोन पेअर नाही, बेरीज 3, sp². ऋण कार्बनवर एक लोन पेअर, बेरीज 4, sp³. (हा ऋण कार्बन दुहेरी बंधाच्या शेजारी असेल तर मात्र खाली नायट्रोजनसाठी दिलाय तो नियम त्यालाही लागतो.)

N आणि O साठी दर वेळी भागाकार करायची गरज नाही. प्रभार नसलेल्या नायट्रोजनच्या रेघा 3 आणि लोन पेअर 1. N⁺ च्या रेघा 4 आणि लोन पेअर नाही. प्रभार नसलेल्या ऑक्सिजनच्या रेघा 2 आणि लोन पेअर 2. O⁻ ची रेघ 1 आणि लोन पेअर 3. दोन-चार आकृत्या केल्या की हे आपोआप हाताला लागतं.

यापुढची गोष्ट मात्र मोजून कळत नाही, बघावी लागते. नायट्रोजनवर लोन पेअर आहे, त्याच्या स्वतःच्या सगळ्या रेघा एकेरी आहेत, आणि त्याच्या लगतच्या अणूवर दुहेरी बंध आहे: असं दिसलं की ती लोन पेअर त्या दुहेरी बंधाशी सरमिसळ करते. त्यासाठी तिला p कक्षकात राहावं लागतं. p कक्षक संकरणात धरता येत नाही, म्हणून बेरजेतून ती जोडी वगळायची. बेरीज 4 ची 3 होते, sp³ चा sp² होतो आणि नायट्रोजनभोवतीचे बंध सपाट होतात. ऑक्सिजनवर दोन लोन पेअर असल्या तरी यात एकच जाते; फ्युरॅनमधला ऑक्सिजन त्यामुळे sp².

पण नायट्रोजनला स्वतःचाच दुहेरी बंध असेल तर त्याचा p कक्षक त्या पाय बंधात आधीच अडकलेला आहे. मग लोन पेअरला तिथे जागा नाही. ती संकरित कक्षकात, वलयाच्या प्रतलात बाहेरच्या बाजूला राहते आणि बेरजेत धरायची.

हे दोन्ही नायट्रोजन एकाच रेणूत असलेली आकृती सोडवून बघू: निकोटिनामाइड, ब जीवनसत्त्वांपैकी एकाचं रूप. षटकोनी वलय, त्याच्या एका कोपऱ्यावर N, वलयात एकाआड एक तीन दुहेरी बंध. N चा कोपरा पहिला धरला तर तिसऱ्या कोपऱ्यावरून एक रेघ बाहेर जाते. तिच्या टोकाच्या कार्बनला दुहेरी बंधाने O आणि एकेरी बंधाने NH₂ जोडलेले.

वलयाचे पाच कार्बन आधी संपवा. प्रत्येकाला एक दुहेरी बंध आणि तीन शेजारी. चार कार्बनवर एकेक लपलेला हायड्रोजन हा तिसरा शेजारी, पाचव्यावर बाहेरचा गट. लोन पेअर नाही. पाचही sp². बाहेरच्या कार्बनचे शेजारी वलयाचा कार्बन, O आणि N: तोही sp². ऑक्सिजनवर लोन पेअर 2, शेजारी 1, बेरीज 3, sp².

वलयाचा नायट्रोजन: 5 − 3 = 2, एक लोन पेअर. शेजारी 2. बेरीज 3, sp². त्याला स्वतःचा दुहेरी बंध आहे, त्यामुळे लोन पेअर जिथली तिथे.

NH₂ चा नायट्रोजन: 5 − 3 = 2, एक लोन पेअर. शेजारी कार्बन आणि दोन हायड्रोजन, तीन. बेरीज 4, म्हणजे कागदावर sp³. आता बाजूला बघा: त्याच्या रेघा सगळ्या एकेरी, लगतच्या कार्बनवर C=O. लोन पेअर तिकडे ओढली जाते. बेरीज 3, sp².

एकूण हिशेब असा: हायड्रोजन सोडून नऊ अणू, नऊही sp². ‘sp² संकरित कार्बन किती’ विचारलं तर 6, ‘sp² संकरित अणू किती’ विचारलं तर 9. NH₂ ला sp³ देणाऱ्यांसाठी 8 हा पर्याय बहुतेक वेळा ठेवलेला असतो, आणि ऑक्सिजन मोजायला विसरणाऱ्याचाही तोच आकडा येतो.

पुढे जायच्या आधी इलेक्ट्रॉन जुळतात का ते बघून घ्या. रेणुसूत्र C₆H₆N₂O. संयुजा इलेक्ट्रॉन 24 + 6 + 10 + 6 = 46. अणू 15 आणि वलय एक, म्हणून सिग्मा बंध 15: वलय नसतं तर अणूंपेक्षा एक कमी, प्रत्येक वलयासाठी एक जास्त. पाय बंध वलयात 3 आणि C=O चा 1, म्हणजे 4. बंधांत गेले 19 × 2 = 38. उरले 8, म्हणजे चार लोन पेअर: दोन्ही नायट्रोजनवर एकेक आणि ऑक्सिजनवर दोन. आपण मोजल्या त्याही चारच. हा आकडा जुळला नाही तर बहुधा एखादा लपलेला हायड्रोजन सुटलेला असतो. आधी तो शोधा, संकरणाकडे नंतर वळा.

एक अपवाद: पिंजऱ्यासारख्या वलयाच्या सांध्यावर बसलेला नायट्रोजन सपाट होऊच शकत नाही, त्यामुळे शेजारी C=O असला तरी त्याची लोन पेअर सरमिसळ करत नाही आणि तो sp³ च्या जवळ राहतो. आणि अ‍ॅनिलिनचा नायट्रोजन पूर्ण सपाटही नाही, पूर्ण पिरॅमिडीही नाही. पर्यायांत sp² आणि sp³ दोन्ही असतील तर वलयाशी सरमिसळ धरून sp² निवडतात.

त्याच आकृतीवर पुढचा उपप्रश्न बहुधा असा येतो: आम्लात टाकल्यावर H⁺ कोणत्या नायट्रोजनला जोडला जाईल? दोघांवर लोन पेअर एकेकच, संकरणही सारखं. पण NH₂ ची जोडी C=O कडे गुंतलेली आहे, वलयातली प्रतलात मोकळी आहे. H⁺ वलयातल्या नायट्रोजनला जोडला जातो. मग त्याचा हिशेब नव्याने: 5 − 4 − 1 = 0, शेजारी 3, बेरीज 3. संकरण sp² च राहिलं, फक्त लोन पेअरच्या जागी बंध आला.